ॲडमिन नोकरी सोडून गेला, पेजचं काय?

फेसबुकच्या पेजला स्वतःचा पासवर्ड नसतो. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे मालक आणि सोडून गेलेला कर्मचारी यांच्यात नाहक भांडणं होतात. मालक फोन करून म्हणतो, "पेजचा पासवर्ड पाठव." पलीकडचा म्हणतो, "साहेब, पेजला पासवर्ड नसतोच." मालकाला वाटतं पोरगा टाळतोय, आणि पोराला वाटतं साहेब आपल्या खाजगी खात्यात शिरायला बघताहेत. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. पेज उघडतं ते कुणाच्या तरी वैयक्तिक प्रोफाइलमधून. ज्याच्या प्रोफाइलला पेजचा ताबा दिलेला आहे, तो आपल्या नावाने लॉगिन करतो आणि तिथून पेजवर जातो. तो माणूस कंपनीतून गेला की त्याचं प्रोफाइल त्याच्याबरोबर जातं, आणि पेजचा ताबाही.

अमरावतीहून नागपूरच्या दिशेने निघालं की नांदगाव पेठला एमआयडीसीचं क्षेत्र लागतं. रेमंडसारखी मोठी नावं इथे आहेत, रतनइंडियाचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. अशा ठिकाणी सोशल मीडिया सांभाळायला वेगळी माणसं असतात. पेजची अडचण होते ती त्यांच्या आजूबाजूला असलेल्या लहान युनिटांची. समजा, असाच एक शर्ट शिवणारा कारखाना आहे. पंधरा-वीस मशिनी, मालकाचा स्वतःचा ब्रँड, आणि मार्केटिंग म्हणजे बडनेऱ्याहून येणारा एक हुशार पोरगा. त्यानेच पाच वर्षांपूर्वी पेज काढलं, फोटो टाकले, दिवाळीच्या ऑर्डरी आणल्या. पेजला दहा-बारा हजार लोक जोडले गेले. मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला. आता पेजवर गिऱ्हाइकांचे मेसेज येऊन पडताहेत, जुना फोन नंबर तसाच दिसतोय, आणि मालक म्हणतोय, "पेज तं आपलंच हाय, मंग आपल्याले दुसऱ्याले कायले विचारा लागते?"

विचारावं लागतं, कारण पेज कुणाचं हे फेसबुक ब्रँडच्या नावावरून ठरवत नाही. तिथल्या नोंदीत ताबा ज्याच्याकडे आहे तो मालक. म्हणून पहिलं काम म्हणजे ही नोंद नेमकी काय आहे ते शोधणं. ते न करता थेट तक्रारी करणाऱ्यांचे महिने वाया जातात.

शोधाची सुरुवात मालकाने स्वतःच्या फेसबुकपासून करावी. आपल्या खात्यातला Pages हा भाग उघडून बघावा. कधी तरी त्या पोराने मालकाला जोडण्याचं निमंत्रण पाठवलेलं असतं आणि ते स्वीकारायचं राहून गेलेलं असतं. कधी मालक जोडलेला असतो, पण अर्धवट अधिकाराने. हा फरक समजून घ्यायला हवा. पेजवर पोस्ट टाकता येते, मेसेजला उत्तर देता येतं, म्हणजे पेज आपल्या हातात आहे असं नाही. दुसऱ्या माणसाला आत घेण्याचा आणि कुणाला बाहेर काढण्याचा अधिकार फक्त full control असलेल्यालाच असतो. पूर्वी यालाच ॲडमिन म्हणत, आणि बोलण्यात अजूनही तोच शब्द आहे. घरातला पुतण्या, अमरावतीची ती जाहिरातवाली एजन्सी, कॅटलॉग करणारा डिझायनर, ज्याचा ज्याचा पेजला कधी हात लागला त्या प्रत्येकाला त्याच्या मोबाइलवर हे बघायला सांगावं. एखाद्याकडे full control निघालं तर प्रश्न तिथेच संपतो.

दुसरी जागा म्हणजे business.facebook.com. इथे 'बिझनेस पोर्टफोलिओ' नावाची चीज असते, जिला पूर्वी बिझनेस मॅनेजर म्हणत. जाहिरात द्यायची म्हणून कधी तरी घाईत तो तयार केलेला असतो आणि नंतर सगळे विसरलेले असतात. पण पेज पोर्टफोलिओच्या मालकीचं असेल तर ताबा त्या पोराच्या प्रोफाइलवर टांगलेला राहत नाही. पोर्टफोलिओवर ज्याचं पूर्ण नियंत्रण आहे तो Settings मध्ये जाऊन, Pages मधून ते पेज निवडून, हव्या त्या माणसाला त्यावर नेमू शकतो. गेलेल्या माणसाची परवानगी लागत नाही. मालकाच्या जुन्या ईमेलने असा पोर्टफोलिओ उघडलेला सापडला तर दुपारच्या चहाआधी काम होतं. उलटही होतं. पेज एजन्सीच्या पोर्टफोलिओत अडकलेलं असतं. मग पोराने कितीही मदत करायची ठरवली तरी ते एजन्सीने सोडल्याशिवाय मालकाच्या पोर्टफोलिओत येत नाही, कारण एका वेळी एकाच पोर्टफोलिओकडे पेजची मालकी असते.

तिसरी जागा पेजवरच आहे आणि ती कुणालाही बघता येते. पेजच्या About भागात Page transparency उघडलं की पेज कधी तयार झालं, नाव कधी बदललं, सांभाळणारी माणसं कोणत्या देशात आहेत हे दिसतं. ॲडमिनचं नाव दिसत नाही, ते फेसबुक बाहेरच्या कुणाला सांगत नाही. तरी देशाचा रकाना कामाचा आहे. आपला पोरगा पुण्यात आणि रकान्यात भलताच देश दिसत असेल तर पेज त्याच्याही हातून गेलेलं असू शकतं. मग हे नोकरी सोडल्याचं प्रकरण राहत नाही, हॅकिंगचं होतं आणि वाट बदलते. इथेच Page ID नावाचा लांब आकडाही असतो. तो आणि पेजचा पत्ता लिहून ठेवावा, कारण पुढे प्रत्येक अर्जात तोच मागतात. सारख्या नावाची पाच पेजेस असतील तर नुसत्या नावाने काही कळत नाही.

एक गंमत अशी की कधी कधी ते पेज कुणाचंच नसतं. लोकांनी कारखान्यात 'चेक-इन' केल्यामुळे फेसबुकने आपोआप बनवलेलं पेज असतं आणि त्यावर ते अनधिकृत असल्याची खूण असते. अशा पेजवर दावा सांगण्याची वेगळी सोय आहे. पण आपल्या उदाहरणातलं पेज पोराने काढलेलं आहे, त्यामुळे ही सोय त्याला लागू नाही.

एवढं बघूनही ताबा फक्त त्या पोराकडेच आहे असं निघालं, तर सगळ्यात जवळची वाट त्याच्या फोनपर्यंत जाते. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण पुष्कळ मालक रागाच्या भरात ही वाट स्वतःच बंद करतात. शेवटचा पगार अडवायचा आणि म्हणायचं, पेज दे मग हिशोब देतो. यात पेज मिळत नाहीच, वर पगार थकवल्याची तक्रार आपल्यावर येते. हिशोब चुकता करावा आणि मग साधा मेसेज टाकावा. काय मागायचं ते नेमकं मागावं: "भाऊ, पासवर्ड नको. तुझ्या खात्यातून पेजवर जा. Settings मध्ये Page setup, त्यात Page access. तिथे People with Facebook access च्या समोर Add New दाब आणि मला घे. माझ्या प्रोफाइलची लिंक खाली पाठवतो. शेवटी full control चं बटण चालू कर." त्याला हे करायला दोन-चार मिनिटं लागतात. शेवटी फेसबुक त्याचा स्वतःचा पासवर्ड विचारतं, तो त्याने त्याच्याच मोबाइलवर टाकायचा असतो.

इतकं सोपं काम तीन ठिकाणी अडतं. नावाने शोधलं की त्याच नावाचे दहा लोक येतात आणि भलत्याच माणसाला पेज जातं, म्हणून लिंक पाठवायची. दुसरं म्हणजे full control चं बटण दाबायचं राहतं आणि मालक पुन्हा अर्धवट अधिकारातच येतो. तिसरं, मालक निमंत्रण स्वीकारत नाही, कारण नोटिफिकेशन बघायची सवयच नसते. स्वीकारल्यावर मालकाने स्वतः Page access उघडून आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते बघावं. ते बघेपर्यंत पोराने स्वतःला पेजवरून काढू नये, हेही त्याला सांगून ठेवावं.

या कामात दिरंगाई करू नये याला एक ठोस कारण आहे. एकट्या ॲडमिनने आपलं फेसबुक खातं तात्पुरतं बंद केलं तर फक्त त्याच्या ताब्यातलं पेजही दिसेनासं होतं. खातं कायमचं काढून टाकलं तर पेजही जातं. आजकालची पुष्कळ पोरं फेसबुक फारसं वापरत नाहीत. खातं डिलीट करताना आपल्या हाताने जुन्या मालकाचं पेजही चाललंय हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. डिलीट केल्यापासून ३० दिवसांत पुन्हा लॉगिन केलं तर ते रद्द करता येतं, पुढे नाही.

आता तो फोनच उचलत नाही असं धरू. मग मेटाकडे जावं लागतं, आणि तिथे खरा प्रश्न असतो पुराव्याचा. मेटाच्या बिझनेस मदत केंद्रातून सपोर्टशी संपर्क करता येतो. ज्याने जाहिरातीवर खर्च केलेला आहे त्याला तिथे माणूस भेटण्याची शक्यता जास्त, हे कटू असलं तरी तसंच आहे. अशा वादात साधारणपणे तीन गोष्टी मागतात: अर्ज करणाऱ्याचं सरकारी ओळखपत्र, धंदा आपला असल्याची कागदपत्रं, आणि सहीचं एक निवेदन. निवेदनात आपला पेजशी संबंध काय, ज्याच्याकडे ताबा आहे तो कोण, त्याने नोकरी कधी सोडली, आपल्याला हे मागण्याचा अधिकार कशाने आहे, कुणाला जोडायचं आणि कुणाला काढायचं, हे लिहायचं असतं, आणि दिलेली माहिती खरी असल्याची शपथपूर्वक ग्वाही द्यायची असते. ते इंग्रजीत द्यावं; मराठी कागदासोबत इंग्रजी भाषांतर जोडावं.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावावर. आपल्या शर्टवाल्याचंच घ्या. फर्म प्रोप्रायटरी आहे, म्हणून जीएसटी प्रमाणपत्रावर Legal Name च्या रकान्यात मालकाचं स्वतःचं नाव आहे. त्याखाली Trade Name मध्ये अमुक गारमेंट्स असं आहे. एमआयडीसीच्या प्लॉटचे कागद आणि महावितरणचं बिल वडिलांच्या नावाने आहे. आणि पेजवर आहे ब्रँडचं नाव, जे यातल्या एकाही कागदावर नाही. नांदगाव पेठेतल्या माणसाला हे सगळं एकच आहे हे दिसतं, परदेशात बसून अर्ज तपासणाऱ्याला ते चार वेगळे पक्ष दिसतात. म्हणून ढीगभर कागद जोडण्यापेक्षा दुवा जोडावा. ब्रँडचा ट्रेडमार्क नोंदवलेला असेल तर त्या प्रमाणपत्रावर ब्रँड आणि मालक दोन्ही एकत्र येतात. नसेल तर ज्या छापील बिलावर ब्रँड, फर्मचं नाव आणि जीएसटी क्रमांक तिन्ही आहेत असं पेजच्या काळातलं जुनं बिल शोधावं. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र जोडावं. वडिलांच्या नावाचं विजेचं बिल मात्र बाजूला ठेवावं, त्याने गोंधळच वाढतो.

पोराबद्दलचे कागद वेगळे. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या नोंदी, राजीनामा, आणि मालकाने 'पेज काढ' असं सांगितल्याचं एखादं चॅट किंवा ईमेल. लहान युनिटात नेमणुकीचं पत्र नसतंच. बँकेतून दरमहा गेलेला पगार तरी दाखवता येतो. तो रोखीने दिला असेल तर हात बांधले जातात. जाहिरातीचे पैसे कंपनीच्या कार्डातून गेले असतील तर ती बँक नोंदही जोडावी, पेज कंपनीसाठी चाललं होतं याचा तो चांगला पुरावा ठरतो. एवढं करूनही मेटा 'नाही' म्हणू शकतं, कारण दोन माणसांच्या वादात न्यायनिवाडा करायला ती कंपनी नाखूश असते.

या दिवसांत दोन मोह टाळायचे. एक म्हणजे सगळ्या ओळखीच्यांना पेज 'रिपोर्ट' करायला लावणं. बनावट पेज म्हणून तक्रार यशस्वी झालीच तर पेज बंद होतं. ते आपल्याला मिळत नाही. ट्रेडमार्कच्या तक्रारीचंही तसंच, त्यातून मजकूर उतरवला जातो, ताबा बदलत नाही. दुसरा मोह म्हणजे नवं पेज काढून लोक नंतर त्यात वळवू असं म्हणणं. दोन पेजेस एकत्र करता येतात, पण त्यासाठी दोन्हींवर पूर्ण नियंत्रण लागतं, म्हणजे पुन्हा तिथेच. आणि 'दोन दिवसांत पेज परत, पाच हजार रुपये' असं सांगणारे जे भेटतात त्यांना ओटीपी दिला की मालकाचं स्वतःचं खातंही जातं.

एक वेगळा प्रकार आपल्याकडे फार दिसतो. पोराने स्वतःचं प्रोफाइल वापरलेलंच नसतं. कंपनीच्या नावाने एक खोटं प्रोफाइल उघडून त्यातून पेज काढलेलं असतं. फेसबुकच्या नियमात हे बसत नाही आणि असं खातं कधीही बंद पडू शकतं, पण सोडवायला हाच प्रकार सोपा. त्या प्रोफाइलला जोडलेला मोबाइल नंबर किंवा ईमेल कंपनीचा असेल तर facebook.com/login/identify वरून खातं शोधून नवा पासवर्ड घेता येतो. सिम फर्मच्या नावाचं असेल आणि हरवलं असेल तर डुप्लिकेट काढावं. नवं सिम सुरू झाल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणून ओटीपी आला नाही तर घाबरू नये. ईमेल कंपनीच्या डोमेनवरचा असेल तर तो मेलबॉक्स पुन्हा उघडता येतो. मात्र हीच युक्ती पोराच्या खऱ्या, वैयक्तिक प्रोफाइलवर वापरायची नाही. त्याने कधी काळी कंपनीचा ईमेल तिथे दिलेला असला तरी ते खातं त्याचं आहे, त्यात त्याच्या घरच्यांचे मेसेज आहेत. परवानगीशिवाय आत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं, आणि मग आरोपी मालक होतो.

गुगल मॅपवरच्या धंद्याच्या नोंदीची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिथे तोच पोरगा एकटा मालक असला तरी काम सहसा निभावतं. नोंदीवर दावा सांगितला की Request access चा पर्याय येतो. सध्याच्या मालकाला ईमेल जातो आणि उत्तरासाठी ३ दिवस मिळतात. उत्तर आलं नाही तर पुष्कळदा आपण स्वतः पडताळणी करून ताबा घेऊ शकतो. पडताळणी व्हिडिओने होऊ शकते: रस्त्यावरून कारखान्याची पाटी, मग कुलूप उघडणारा हात, आत मशिनी, सगळं न थांबता एका दमात चित्रित करायचं. हा फरक का, तर गुगलची नोंद एका जागेला बांधलेली आहे. त्या जागेवर कुलूप उघडून जो उभा राहतो त्याचं म्हणणं तपासता येतं. फेसबुकचं पेज कुठल्याच जागेला बांधलेलं नसतं. म्हणून वाट बघायच्या काळात आधी मॅपवरची नोंद ताब्यात घेऊन तिथला फोन नंबर दुरुस्त करावा. गिऱ्हाईक निदान कारखान्यापर्यंत तरी पोचतं.

पोलिसांत जायचं का? तो पोरगा नुसता उत्तर देत नसेल, तर तो गुन्हा ठरवणं अवघड आहे. ताबा त्याला कंपनीनेच दिला होता. वकिलाची नोटीस मात्र उपयोगी पडते, आणि बहुधा भीतीपेक्षा हे प्रकरण खरंच गंभीर आहे एवढं त्याला कळल्यामुळे. पण त्याने पेजचं नाव बदलून स्वतःचा माल विकायला काढला, पोस्टी पुसल्या किंवा गिऱ्हाइकांकडून पैसे घेतले, तर ते सायबर पोलिसांकडे किंवा cybercrime.gov.in वर नेण्यासारखं आहे. तेव्हा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवावेत. नुकसानभरपाईसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यातच न्यायनिर्णय अधिकाऱ्याची तरतूद आहे, आणि राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव ते काम बघतात, ही गोष्ट आपल्याकडे वकिलांनाही चटकन आठवत नाही.

कोर्टात असे वाद कुठे जातात याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मोबाइल फोनची माहिती देणाऱ्या फोनडॉग कंपनीतून नोआ क्रॅविट्झ २०१० मध्ये बाहेर पडला. ट्विटरवरचं खातं त्याने नाव बदलून स्वतःकडेच ठेवलं. त्यावर सुमारे १७ हजार फॉलोअर होते. कंपनीने २०११ मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला आणि दर फॉलोअरमागे महिन्याला अडीच डॉलर, असे आठ महिन्यांचे ३ लाख ४० हजार डॉलर मागितले. फॉलोअर कुणाच्या मालकीचे, यावर निकाल लागेल म्हणून सगळे टपून बसले होते. लागला नाही. २०१२ च्या अखेरीस दोघांनी आपसात मिटवलं आणि खातं क्रॅविट्झकडेच राहिलं. खातं कुणाचं हे आधी लिहून ठेवलेलं नव्हतं, सगळा वाद त्यातूनच उपजला. आपल्या शर्टवाल्याला याचा अर्थ एवढाच, की नव्या माणसाच्या नेमणुकीच्या पत्रात दोन ओळी घालाव्यात: पेज कंपनीचं आहे, आणि जाताना ताबा सोपवल्यावरच कार्यमुक्तीचं पत्र मिळेल.

पेज हातात आलं की लगेच पोराला काढायची घाई होते. नव्याने ताबा आलेल्या माणसाला जुन्याला काढण्याआधी फेसबुक काही दिवस थांबवू शकतं. तेव्हा बटण चाललं नाही म्हणून त्याच्याशी पुन्हा भांडू नये. त्या दिवसांत मालकाने आपल्या खात्याला टू-फॅक्टर लावावं, स्वतःच्या नावाने पोर्टफोलिओ उघडून पेज त्याच्या मालकीत घ्यावं, आणि घरातलं किंवा भागीदारांपैकी दुसरं एक माणूस पूर्ण नियंत्रणाने जोडावं. इन्स्टाग्रामला मात्र स्वतःचा पासवर्ड असतो; तो बदलावा, आणि त्याला जोडलेला ईमेल अजून त्या पोराचाच आहे का ते बघावं. जाहिरातीचं खातं त्याचं स्वतःचं असेल आणि त्यावर फर्मचं कार्ड असेल, तर पेज परत आलं तरी ते कार्ड तिथेच राहतं. ते बँकेकडून वेगळं बंद करून घ्यावं लागतं.